तलवारीचा तोल, पात्याचा छेद आणि लांबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्दानी खेळ शिकणारी मुलं, जुनी हत्यारं जमवणारे आणि घरात वाडवडिलांची तलवार असलेले लोक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः आपल्याकडच्या तीन हत्यारांची आहेत: वक्र तलवार, सरळ पात्याची धोप (फिरंगही त्यातलीच) आणि पट्टा. मधले आकडे गणित समजावं म्हणून घेतलेल्या नमुना तलवारींचे आहेत. ते कुठल्या संग्रहालयातल्या तलवारीचे नाहीत.

तोलबिंदू म्हणजे नेमकं काय? तो कसा काढायचा?

पातं म्यानाबाहेर काढून आडवं धरा आणि एका बोटावर पेला. ज्या जागी तलवार दोन्हीकडे न झुकता राहते तो तोलबिंदू. मुठीच्या पुढच्या बाजूला जी दोन आडवी टोकं असतात, तिथून तोलबिंदूपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं. एका हातात धरायच्या, कापण्यासाठी केलेल्या तलवारीत हे अंतर साधारण १२ ते १८ सेंटिमीटर भरतं. भोसकण्यासाठी केलेल्या हत्यारात ते ५ ते १० पर्यंत खाली येतं.

धार असेल तर बोटाऐवजी लाकडी पट्टी वापरा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

तोल मुठीजवळ म्हणजे तलवार चपळ, असं सगळे म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. मूर्तीच्या दुकानापासून मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे हे वाक्य ऐकू येतं, आणि गोंधळाचं मूळही तेच आहे. तोलबिंदूवरून तलवारीचं वजन कुठल्या एका जागी एकवटल्यासारखं वागतं ते कळतं. ते वजन पात्यावर किती पसरलं आहे ते त्यावरून कळत नाही. एका काठीच्या मधोमध दोन विटा बांधा आणि दुसऱ्या काठीच्या दोन्ही टोकांना एकेक वीट बांधा. दोन्हींचा तोल मधोमधच येईल. फिरवून पाहिल्यावर मात्र फरक कळायला क्षणभरही लागणार नाही.

म्हणून तोलाबरोबर आणखी एक आकडा हवा: मुठीभोवती फिरताना तलवार किती अडते, म्हणजेच तिचं जडत्व. पात्याच्या प्रत्येक तुकड्याचं वजन मुठीपासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. अंतराचा वर्ग होतो, म्हणून टोकाकडचे शंभर ग्रॅम मुठीजवळच्या शंभर ग्रॅमपेक्षा कितीतरी पटींनी महाग पडतात.

एक उदाहरण करून दाखवाल का?

तीन तलवारी घेऊ. तिघींचं पातं ८५ सेंटिमीटरचं आहे. सगळी अंतरं मुठीच्या आडव्या टोकांपासून मोजू.

पहिली साधी आहे. वजन १ किलो, तोल १४ सेंटिमीटर पुढे, आणि मुठीभोवतीचं जडत्व ८१२ (किलो आणि सेंटिमीटर धरून).

ही पुढे जड वाटते अशी तक्रार आली म्हणून कारागिराने मुठीच्या मागच्या कटोरीत, आडव्या टोकांच्या १० सेंटिमीटर मागे, २०० ग्रॅम भर घातली. ही झाली दुसरी तलवार. वजन १.२ किलो झालं आणि तोल १४ वरून १० वर आला. बोटावर पेलून पाहणारा खूश होतो. पण जडत्व बघा: भर मुठीजवळ पडली, तरी ती वाढलीच, त्यामुळे ८१२ चं ८३२ झालं. म्हणजे फिरवायला ही पहिलीपेक्षा किंचित जास्तच अडते.

तिसऱ्या तलवारीसाठी दुसऱ्या कारागिराने मूठ तशीच ठेवली आणि पहिल्या तलवारीचं पातं पुढच्या भागात घासून पातळ केलं. साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपास १०० ग्रॅम पोलाद उतरवलं. वजन ९०० ग्रॅम झालं, तोल जवळपास ९ वर आला आणि जडत्व ८१२ वरून थेट ४५२ वर.

दुसरी आणि तिसरी बोटावर पेलून पाहिल्या तर एका सेंटिमीटरचा फरक दिसेल. हातात घेतल्यावर मात्र दुसरी तलवार तिसरीपेक्षा जवळजवळ दुप्पट अडते. मागे वजन घालून पातं हलकं होत नाही. पातं हलकं करायचं तर पात्यालाच हात घालावा लागतो.

मग मागची भर फुकट गेली म्हणायची?

नाही. फायदा झाला, पण वेगळ्याच ठिकाणी. तो कळायला जोडबिंदू समजून घ्यावा लागतो.

तलवार मुठीपाशी चिमटीत धरून टोक खाली सोडा. आता चिमूट डावी-उजवीकडे झपझप हलवा, हातभर नाही, दोन-तीन सेंटिमीटरच. पात्यावरची एक जागा जवळजवळ स्थिर राहताना दिसेल. तिच्या वरचा भाग हाताबरोबर जातो, खालचा उलट दिशेने. हीच जागा मुठीचा जोडबिंदू. आपल्या पहिल्या तलवारीत ती ५८ सेंटिमीटरवर येते, कटोरीत भर घातलेल्या दुसरीत ६९ वर, तिसरीत ५६ च्या आसपास.

भोसकताना हात पुढे जातो तेव्हा तो काही सुतात जात नाही. मनगट थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे होतंच. जोडबिंदू टोकाच्या जितका जवळ, तितकं टोक या हलण्याकडे दुर्लक्ष करतं आणि नेमावर टिकतं. म्हणून मागच्या भरीने तलवार फिरवायला हलकी झाली नाही, पण तिचं टोक शहाणं झालं. शिवाय ती आडवी धरून थांबण्याचा त्रासही थोडा कमी झाला. हातावरचा झुकाव म्हणजे वजन गुणिले तोलाचं अंतर. पहिलीत तो १४ होता, दुसरीत १२ झाला. तिसरीत तो फक्त ८ आहे. झुकावात आणि फिरवण्यात तिसरीच सरस आहे, मात्र टोक नेमावर टिकवण्यात दुसरी.

घाव कुठली जड घालते?

आता मजा येते. घाव बसतो तो क्षण इतका छोटा असतो की हाताला त्यात काही भर घालायला वेळच मिळत नाही. त्या क्षणी पात्याच्या त्या जागेमागे किती वजन 'उभं' आहे यावर आघात ठरतो. मुठीपासून ५५ सेंटिमीटरवर घाव बसला असं धरून हिशेब केला, तर पहिल्या तलवारीमागे सुमारे २७० ग्रॅम उभे राहतात. दुसरीमागेही सुमारे २७० च. कटोरीतले २०० ग्रॅम घावाच्या वेळी जवळपास गैरहजर असतात. तिसरीमागे मात्र १५० ग्रॅमच.

म्हणजे तिसरी निकामी का? नाही, कारण ती वेगाने येते, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हात वजनहीन असता तर तिसरीच्या जास्तीच्या वेगाने ही तूट अगदी भरून निघाली असती. पण माणसाचा हात तलवारीपेक्षा कितीतरी जड असतो आणि तोही फिरवायचा असतो. त्यामुळे हलक्या तलवारीला तिचा हिशेबातला पूर्ण वेग कधीच मिळत नाही. ती लवकर पोहोचते, चुकली तर लवकर परत येते, पण हाड किंवा जाड गादी लागली की पहिली जास्त खोल जाते. खांड्याचं पातं पुढे रुंद होत जातं आणि त्याच्या पाठीला जोडपट्ट्या असतात, ते याच हिशेबाने.

आणखी एक: घाव टोकाकडे सरकला की मागचं वजन झपाट्याने घटतं. पहिल्याच तलवारीने ७५ सेंटिमीटरवर मारलं तर मागे १४० ग्रॅमच्या आसपासच उरतात. टोकाने लागलेला घाव दिसायला मोठा, पण उथळ असतो तो यामुळे.

घाव बसल्यावर हाताला झिणझिण्या येतात. तलवार वाईट की मी?

बहुधा जागा चुकली. पातं घावानंतर तारेसारखं थरथरतं, आणि त्या थरथरीत पात्यावर एक जागा शांत असते. मूठ सैल धरून कटोरीवर तळहाताने थाप मारा. पातं थरथरताना ही शांत जागा डोळ्यांना दिसते. बहुतेक तलवारींत ती पात्याच्या दोन-तृतीयांशापासून पाऊणपर्यंत कुठेतरी असते. घाव तिथे बसला की थरथर उठत नाही आणि सगळा जोर कापण्यात जातो. तिच्यापासून वीतभर मागे किंवा पुढे लागलं तर जोराचा एक हिस्सा हातात परत येतो.

मी शिकायला लागलो तेव्हा केळीच्या खांबावर सारखा टोकानेच मारत असे, कारण जवळ जायची भीती वाटायची. पातं वळायचं, खांब अर्धा चिरायचा आणि दोष तलवारीला. वस्तादांनी पात्यावर खडूने एक रेघ मारून दिली आणि म्हणाले, "ही पांढरी व्हायला नको, ओली व्हायला हवी." त्यानंतर दोन आठवड्यांत खांब पडायला लागले.

जडत्व मोजायला प्रयोगशाळा लागते का?

नाही. वजनकाटा, टेप आणि घड्याळ पुरतं. दोन सारख्या उंचीचे ठोकळे टेबलाच्या कडेला ठेवा. मुठीची आडवी टोकं त्यांवर टेकवा, म्हणजे पातं मध्ये खाली लोंबेल. हलकासा झोका द्या, वीतभरापेक्षा जास्त नको. जाऊन परत येणं म्हणजे एक झोका. असे दहा झोके मोजून लागलेल्या सेकंदांना दहाने भागा. आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि २५ ने गुणा. उत्तर येतं ते जोडबिंदूचं अंतर, सेंटिमीटरमध्ये. आपल्या पहिल्या तलवारीचे दहा झोके सुमारे १५.३ सेकंदांत होतील, म्हणजे १.५३ चा वर्ग गुणिले २५, सुमारे ५८. दुसरीला १६.७ सेकंद लागतील.

जडत्व हवं असेल तर वजन, तोलाचं अंतर आणि हे जोडबिंदूचं अंतर या तिन्हींचा गुणाकार करा. पहिलीसाठी १ गुणिले १४ गुणिले ५८, म्हणजे ८१२. वर दिलेला आकडा असाच आला आहे.

परज, म्हणजे बोटं झाकणारी कमान, ठोकळ्याला अडत असेल तर तलवार किंचित तिरकी लोंबते. तेवढ्याने फार बिघडत नाही. झोके पाच-सहातच थांबत असतील तर मात्र टोकं घासत आहेत, खाली गुळगुळीत पत्रा घाला.

पात्याचा छेद म्हणजे काय, आणि त्याने इतका फरक का पडतो?

पातं आडवं कापलं तर जो आकार दिसेल तो छेद. घरातल्या वस्तूंनी सांगायचं तर मुख्य तीन आकार: मसुरासारखा दोन्हीकडे फुगीर, शंकरपाळ्यासारखा मधे कणा असलेला, आणि पाचरीसारखा, एकीकडे पाठ व दुसरीकडे धार. वक्र तलवारी बहुतेक पाचरीच्या असतात, मसुराच्या आकाराकडे झुकलेल्या. पट्ट्याचं पातं पातळ मसुराचं. शंकरपाळी आकार भोसकण्याच्या हत्यारांत दिसतो.

छेदाला दोन मालक आहेत आणि दोघांच्या मागण्या उलट्या आहेत. कापणाऱ्याला धारेचा कोन बारीक हवा, म्हणजे पातं रुंद आणि पातळ. भोसकणाऱ्याला पातं वाकायला नको, म्हणजे जाड. आणि जाडीचा हिशेब फार कडक असतो: ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा राहतो. ४ मिलिमीटरचं पातं ३ वर आणलं तर ताठपणा निम्म्याहून खाली जातो. हातात फरक जेमतेम जाणवेल, भोसकताना पातं कमान होईल.

इथे शंकरपाळ्याची हुशारी कळते. रुंदी आणि पोलाद तेवढंच ठेवून चपट्या पट्टीचं शंकरपाळं केलं तर मधली जाडी दुप्पट होते, आणि ताठपणाही दुप्पट होतो. किंमत धारेकडे मोजावी लागते. ४० मिलिमीटर रुंद पात्याचा कणा ४ मिलिमीटर असेल तर धारेचा कोन सुमारे ११ अंश. कणा ६ केला तर तो १७ अंशांवर जातो. कापताना मांस किंवा कापड दोन्ही बाजूंना सारत जायचं असतं, तेव्हा हा कणा पाचरीसारखा अडतो.

पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जायला असते ना?

नाही. पन्हळ वजन काढायला असते. रुंद पात्याच्या मध्यातून पोलाद काढलं की वजन घटतं, पण ताठपणा बराचसा टिकतो. म्हणजे तेवढ्याच वजनात पातं रुंद किंवा ताठ ठेवता येतं. युरोपातून आलेल्या पात्यांवर दोन-तीन पन्हळी शेजारी शेजारी दिसतात त्या याचसाठी. पन्हळ मुठीपासून निघून तोलाच्या अंतराच्या दुपटीच्या आतच संपत असेल तर तिने तोल मागे नाही, उलट किंचित पुढे ढकलला आहे, कारण वजन मुठीकडून काढलं गेलं. हे अनेकांना उलटं वाटतं.

वक्र तलवार चांगली कापते ती का? फक्त सवयीमुळे?

विळीवर भाजी चिरताना आपण ती नुसती दाबत नाही, पात्यावरून सरकवतो. वक्र पातं हे सरकणं आपोआप करून देतं. त्यात भूमितीही आहे. घाटाचा रस्ता सरळ वर न चढता तिरका चढतो, म्हणून चढ कमी वाटतो. धारही तिरकी आत गेली की तिचा कोन तसाच कमी होतो. ४५ अंशांत सरकत गेलेली २० अंशांची धार मांसाला सुमारे १४ अंशांची लागते. शिवाय वक्र पात्याचा एका वेळी थोडाच भाग टेकतो, त्यामुळे दाब एकवटतो.

आपल्या तलवारीची मूठ याच कामाला लागलेली आहे. ती आखूड असते आणि मागची कटोरी मनगटावर दाबते. हात सरळ ताणून टोक पुढे रोखायला गेलं की कटोरी बोचते आणि सांगते, असं नको. कोपरातून आणि खांद्यातून ओढत मारलं की तीच कटोरी आधार देते. परदेशी संग्राहक 'मूठ लहान आहे' म्हणतात तेव्हा ते बहुधा ती चुकीच्या पद्धतीने धरत असतात.

भोसकायला मात्र वक्रता आडवी येते. टोक हाताच्या रेषेवर नसतं, त्यामुळे टोकाला प्रतिकार झाला की मूठ हातात वळू पाहते. वळणाच्या मार्गाने, आकडा टाकल्यासारखं भोसकता येतं, पण ते शिकलेल्याचं काम आहे.

मग मराठ्यांनी सरळ फिरंग का उचलली?

फिरंग म्हणजे फिरंग्यांकडून आलेलं पातं. गोव्यातले पोर्तुगीज आणि इतर व्यापारी यांच्यामार्फत युरोपीय पाती इकडे येत, इथले कारागीर त्यांना इथली मूठ चढवत. फिरंगीची पाती साधारण ८९ ते ९६ सेंटिमीटरची. म्हणजे नेहमीच्या वक्र तलवारीपेक्षा वीतभर तरी पुढे. घोड्यावरून खालच्या पायदळाला गाठायला वीतभर म्हणजे फार झालं. सरळ पात्याने टोक रेषेत येतं, त्यामुळे घोड्याच्या वेगासह भोसकता येतं, आणि कापताही येतं. मुठीला बोटं झाकणारी जाळी आणि मागे निघालेला दांडा असतो. त्या दांड्याला दुसरा हात लावला की लांब पात्याचं जडत्व दोन हातांत वाटलं जातं. लांब पातं आणि मागचा दांडा ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांच्या नावाची तलवार विकत घेतली, ती याच घराण्यातली: सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचं पातं आणि त्यावर मुल्हेरी घाटाची मूठ. ती पाहायला गेलात तर सोनेरी नक्षीबरोबरच पातं टोकाकडे किती पातळ होत गेलं आहे तेही पाहा.

पातं लांब केलं की किती फरक पडतो?

फूटपट्टीसारखी सलग जाडीची पट्टी धरली तर जडत्व लांबीच्या घनाने वाढतं. लांबी दहा टक्के वाढली की जडत्व तेहतीस टक्के. म्हणून लांब पात्यांची जाडी टोकाकडे उतरवत न्यावीच लागते, दुसरा इलाज नाही.

भोसकताना दुसरा दंड बसतो. पातं टोकाने टेकलं की ते उभ्या काठीसारखं दाबलं जातं, आणि काठी किती दाबाला वाकेल ते लांबीच्या वर्गाने घटतं. ८० चं पातं त्याच छेदाने ९५ केलं तर पूर्वीच्या ७१ टक्के दाबालाच ते वाकतं. लांबी वाढवून भोसकण्याचा पल्ला मिळतो, पण छेद तोच ठेवला तर टोक पोहोचल्यावर आत जात नाही.

पट्ट्याला हे सगळं लागू होतं का?

लागू होतं, पण मोजायची जागा बदलते. पट्ट्यात मूठ आडवी असते, मनगट आणि पुढचा हात खोळीत बंद असतो. त्यामुळे मनगटातून फिरवणं हा प्रकारच उरत नाही. सांधा आहे तो कोपराचा आणि खांद्याचा. जडत्व कोपरापासून मोजावं लागतं, आणि तिथून पाहिलं तर मीटरभर पातं आणखी वीत-दीड वीत पुढे गेलेलं असतं. मनगटाने टाकलेला छोटा घाव शक्य नाही, म्हणून पट्टेकरी हत्यार थांबवत नाहीत; वर्तुळात फिरतं ठेवतात. थांबवून पुन्हा सुरू करण्याचा खर्च परवडत नाही.

भोसकण्यात पट्ट्याची एक मोठी जमेची बाजू आहे: पातं पुढच्या हाताच्या रेषेत असतं, मनगट मुरगळण्याचा प्रश्न नाही. पण खेळातल्या पट्ट्यांची पाती इतकी लवचीक असतात की टोक अडलं की धनुष्य होतं. जुन्या पट्ट्यांत ताठ युरोपीय पाती बसवलेलीही सापडतात. दोन्ही वस्तूंना 'पट्टा' म्हणतात, पण एकीवरून दुसरीची लढाईतली कुवत ठरवू नका.

एकाच तलवारीने कापणं आणि भोसकणं दोन्ही उत्तम का करता येत नाही?

इंग्रजांच्या घोडदळाने हा वाद शंभरहून जास्त वर्षं घातला. १७९६ च्या हलक्या घोडदळाच्या तलवारीचं पातं वक्र, पुढे रुंद आणि पातळ होतं. कापण्यात तिची धास्ती होती, भोसकण्यात ती बेताची. त्याच वर्षीच्या जड घोडदळाच्या सरळ तलवारीला टोक कुऱ्हाडीसारखं बोथट होतं, आणि वॉटर्लूच्या आधी अनेकांनी ते घासून अणकुचीदार करून घेतलं. शेवटी १९०८ मध्ये त्यांनी कापणं सोडूनच दिलं. त्या सालच्या तलवारीचं पातं अरुंद आणि ताठ आहे, पाठीला इंग्रजी टी अक्षरासारखा उभा कणा आहे आणि तोल मुठीच्या अगदी जवळ. ती भाल्यासारखी वापरायची.

तडजोड शक्यच नाही असं नाही. पातं मुठीकडे जाड, मध्ये पन्हळ, टोकाकडच्या वीतभरात पातळ आणि दुधारी केलं की दोन्ही कामं बऱ्यापैकी होतात. पण दोन्हींत ती पहिली येत नाही.

यात धारेचं काय? सगळी भूमिती बरोबर असून तलवार कापत नाही.

धार नसेल तर वरचं सगळं वाया. कॅप्टन नोलन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात निजामाच्या घोडेस्वारांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांच्या तलवारींनी हात आणि मुंडकी तुटत, तेव्हा त्याला वाटलं काही विशेष हत्यार असेल. पाहिलं तर ती इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी पाती होती. इथल्या मुठी चढवलेली, वस्तऱ्यासारखी लावलेली आणि लाकडी म्यानात ठेवलेली. इंग्रज शिपायाची तीच पाती लोखंडी म्यानात रोज आत-बाहेर होऊन बोथट व्हायची. निजामाचे स्वार ती फक्त लढताना उपसत.

बाजारातली नवी तलवार हाताला पहारीसारखी का लागते?

कारण ती बहुधा सलग जाडीच्या पट्टीतून कापलेली असते. कॅलिपर घ्या आणि तीन जागी जाडी मोजा: मुठीपाशी, मध्ये, आणि टोकापासून वीतभर आत. चांगल्या पात्यात हे आकडे ६, ४ आणि अडीच मिलिमीटर असे उतरत जातात. तिन्ही जागी साडेतीन आले तर समजा की मुठीपाशी कमकुवत आणि टोकाशी जड अशी वस्तू हातात आहे. तिचा तोल २० सेंटिमीटरच्या पुढे जातो. मग दुकानदार मुठीत शिसं भरून तोल 'सुधारून' देतो, आणि ती आपल्या उदाहरणातली दुसरी तलवार होते, तीही जास्त वाईट.

मूठ हलवून पाहायलाही विसरू नका. आपल्याकडे पात्याचा आतला भाग मुठीत लाखेने बसवतात. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेली जुनी तलवार लाख मऊ होऊन सैल पडते. कानाशी धरून हलवल्यावर खुटखुट ऐकू आली तर ती फिरवू नका, आधी पुन्हा बसवून घ्या.

केळीचा खांब सहज कापला, म्हणजे तलवार चांगली?

खांब पाण्याने भरलेला आणि मऊ असतो. तो पातळ, रुंद, धारदार पात्यावर मेहेरबान असतो आणि हाताचा कोन बरोबर आहे की नाही हे छान सांगतो: काप तिरका गेला किंवा मध्येच वळला तर धार घावाच्या दिशेत नव्हती. पण खांबावरून पातं हाडाला किंवा जाड बंडीला काय करेल ते कळत नाही. त्यासाठी ओल्या गोणपाटाची घट्ट गुंडाळी बांबूवर बांधून मारा. तिथे आपल्या तिसऱ्या तलवारीचा वेग आणि पहिलीचं वजन यांतला फरक पहिल्याच घावात दिसतो. साखळीच्या चिलखतावर मात्र कुठलीच धार चालत नाही. तिथे अरुंद, ताठ टोकच कड्या फोडू शकतं.

घरची जुनी तलवार तपासायला काढू का?

मोजमाप जरूर करा, घाव घालू नका. तीनशे वर्षांच्या पात्यात गंजाने आत किती खाल्लं आहे ते वरून दिसत नाही. धार लावून घेऊ नका, त्याने छेद कायमचा बदलतो आणि किंमतही जाते. धारदार तलवार बाळगण्याला १९५९ चा शस्त्र कायदा लागू होऊ शकतो, त्यामुळे परवान्याचं आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. तोल, दहा झोके आणि तीन जागची जाडी वहीत लिहून ठेवा आणि पात्याला तेलाचा पातळ हात फिरवून ते म्यानाबाहेर, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. जुन्या म्यानाच्या आतल्या लाकडात ओल धरते.